नगावर पैसे देणाऱ्या अ‍ॅपचा डिलिव्हरीवाला: कर्मचारी की स्वतंत्र कंत्राटदार, हे कसं तपासायचं

2023 साली एकाच कंपनीच्या रायडरांबद्दल दोन देशांच्या सर्वोच्च न्यायालयांनी आठ महिन्यांच्या अंतराने निकाल दिले. मार्चमध्ये नेदरलँड्सचं न्यायालय म्हणालं, डिलिव्हरूचे रायडर कंपनीचे कर्मचारीच आहेत. नोव्हेंबरमध्ये ब्रिटनचं न्यायालय म्हणालं, त्यांच्यात आणि कंपनीत नोकरीचं नातं नाही. काम दोन्हीकडे तेच, पाठीवरची पेटी तीच, आणि 'स्वतःऐवजी दुसऱ्याला पाठवता येईल' ही मुभाही दोन्ही देशांच्या करारांत होती.

मग फरक कुठे पडला? हे समजलं की प्रत्येक ऑर्डरमागे पैसे मिळणारा डिलिव्हरीवाला कायद्याच्या नजरेत कोण, हे बऱ्याच अंशी स्वतःचं स्वतः तपासता येतं. अ‍ॅपवर नुकतंच काम सुरू केलेल्यांसाठी आणि अशा कोणाला तरी मदत करू पाहणाऱ्यांसाठी ही तपासणी पायरीपायरीने मांडतो आहे.

पहिली पायरी: प्रश्न कशासाठी विचारताय ते ठरवा

'मी कर्मचारी आहे का?' या प्रश्नाला एकच उत्तर असतं असं समजूनच बहुतेक जण सुरुवात करतात. प्रत्यक्षात किमान वेतनाचा कायदा, अपघात भरपाईचा कायदा, युनियनच्या मान्यतेचा कायदा आणि कराचा कायदा आपापल्या व्याख्या घेऊन येतात. एकच माणूस एका कायद्याखाली संरक्षित आणि दुसऱ्याखाली नाही, असं सर्रास घडतं.

वरच्या ब्रिटिश निकालाचंच बघा. तिथे रायडरांनी पगार मागितलाच नव्हता. त्यांच्या युनियनला कंपनीशी सामुदायिक वाटाघाटी करण्याचा हक्क हवा होता, आणि त्यासाठी नातं नोकरीचं आहे का एवढाच प्रश्न न्यायालयापुढे होता. डच खटला कराराचं स्वरूप नोकरीच्या कराराचं आहे का याबद्दल होता. प्रश्नच निराळे होते, तेव्हा उत्तरं निराळी आली यात नवल नाही.

काही देशांत मधला एक वर्गही आहे. ब्रिटनमध्ये पूर्ण कर्मचारी आणि स्वतंत्र धंदेवाईक यांच्यामध्ये 'वर्कर' नावाची पायरी आहे. तिथे किमान वेतन आणि भरपगारी रजा मिळते, पण अन्यायकारक बडतर्फीविरुद्धचं संरक्षण नाही. भारतात 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग कामगार' असा निराळा वर्ग केला. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. तिच्यात गिग कामगाराची व्याख्याच 'पारंपरिक मालक-कर्मचारी नात्याबाहेर काम करणारा' अशी आहे. अ‍ॅप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम, कामगारांना दिलेल्या पैशाच्या 5 टक्क्यांच्या मर्यादेत, सामाजिक सुरक्षा निधीत भरायची असते. यातून विमा किंवा अपघाताच्या योजना मिळू शकतात. किमान वेतन मागण्यासाठी मात्र ही व्याख्या पुरत नाही.

म्हणून कागदावर आधी एक ओळ लिहा: मला अमुक हक्क हवा आहे, तो अमुक कायद्यात आहे, आणि तो कायदा अमुक व्याख्या वापरतो. पुढचं सगळं या ओळीला धरून वाचायचं आहे.

दुसरी पायरी: करार वाचा, पण तो कंपनीचं म्हणणं म्हणून

अ‍ॅपवर 'मी सहमत आहे' दाबताना पुढे आलेला मजकूर पूर्ण उतरवून घ्या. त्यात 'भागीदार', 'स्वतंत्र सेवा पुरवठादार' असे शब्द असतील. ते वाचून खचायचं कारण नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2006 च्या 198 क्रमांकाच्या शिफारशीत सरळ म्हटलं आहे की नातं ठरवताना काम प्रत्यक्षात कसं होतं आणि मोबदला कसा मिळतो हे मुख्य, करारात नाव काय दिलं आहे ते नव्हे. जगभरातल्या बहुतेक न्यायालयांची वाट कमीअधिक प्रमाणात हीच आहे.

उबरच्या चालकांचा ब्रिटनमधला खटला फेब्रुवारी 2021 मध्ये निकाली निघाला, तेव्हा न्यायालय आणखी पुढे गेलं. ज्या दुबळ्या बाजूला वाचवण्यासाठी कायदा केला, तिच्यावर बलवान बाजूने लादलेल्या कराराच्या शब्दांपासूनच सुरुवात केली तर कायद्याचा हेतूच बारगळेल, असा त्या निकालाचा सूर होता. तो खटला प्रवासी वाहतुकीचा होता, डिलिव्हरीचा नव्हे. पण त्यातली तपासणीची रीत डिलिव्हरीलाही लागू पडते.

करार तरीही वाचायचा, कारण पुढची तुलना त्याच्याशीच आहे. चार कलमं शोधा: ऑर्डर नाकारता येते का, दुसऱ्याला पाठवता येतं का, दर कोण आणि कसा बदलू शकतो, आणि आयडी कोणत्या कारणावरून ब्लॉक होते. प्रत्येक कलमासमोर रिकामी जागा सोडा. तिथे प्रत्यक्षात काय होतं ते लिहायचं आहे.

तिसरी पायरी: नकाराची किंमत मोजा

कंपनीचा सर्वांत आवडता मुद्दा हाच असतो. रायडर हवं तेव्हा लॉगिन करतो, नको ती ऑर्डर सोडतो, मग तो नोकर कसा?

वेळेची मोकळीक म्हणजे स्वातंत्र्यच, असं न्यायालयं मानत नाहीत, आणि हे अ‍ॅप येण्याच्या कितीतरी आधीपासून. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये सिल्व्हर जुबिली टेलरिंग हाउसच्या खटल्यात शिंप्यांबद्दल असाच निकाल दिला. ते नगावर पैसे घेत, वाटेल तेव्हा येत-जात, दुसऱ्या दुकानाचं कामही करू शकत. पण मशिनं दुकानाची होती, आणि शिलाई पसंत पडली नाही तर कपडा परत शिवून मागायचा अधिकार मालकाचा होता. ते कर्मचारी ठरले. नगावर पैसे मिळतात एवढ्यावरून कोणी कंत्राटदार होत नाही, हे नवख्याने पहिल्यांदा मनाशी पक्कं करावं.

तेव्हा नाकारता येतं का, हे विचारून थांबू नका. नाकारलं की पुढे काय होतं, ते पाहा. स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये ग्लोवोच्या रायडरला कर्मचारी ठरवलं, तेव्हा हीच गोष्ट उकलून दाखवली. कागदावर रायडर आपली वेळ स्वतः निवडत होता. पण प्रत्येकाला गुण मिळत, आणि ज्याचे गुण चांगले त्याला चांगल्या वेळा आधी निवडायला मिळत. गर्दीच्या वेळी हजर नसणं गुणांत दिसे. गुण घसरले की उरलेसुरले स्लॉट वाट्याला येत. हुकूम कोणी सोडत नव्हतं, पण मागे राहायचं नसेल तर कंपनीला हवं तेव्हाच रस्त्यावर असावं लागे.

उबरच्या खटल्यातही ऑर्डर घेण्याच्या प्रमाणावर नजर होती. ते एका पातळीखाली गेलं की इशारे येत, आणि तरीही सुधारणा झाली नाही तर चालकाला काही काळ अ‍ॅपबाहेर काढलं जाई.

स्वतःचं तपासताना मागच्या काही आठवड्यांतला असा दिवस निवडा ज्या दिवशी तुम्ही लागोपाठ ऑर्डर सोडल्या. त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत स्लॉट, ऑर्डरींचा ओघ, इन्सेंटिव्ह, रेटिंग यांत काय बदललं ते बघा. काहीच बदललं नसेल तर तेही प्रामाणिकपणे लिहा. तो मुद्दा कंपनीच्या बाजूने जातो, आणि तो आपल्याला आधी माहीत असलेला बरा.

चौथी पायरी: धंदा कोणाचा आहे?

दर तुम्ही ठरवता का? ग्राहकाला थेट फोन करून 'पुढच्या वेळी माझ्याकडूनच मागवा' असं सांगू शकता का? जास्त चांगलं काम करून जास्त दर मिळवता येतो का, की जास्त कमावण्याचा एकच मार्ग म्हणजे जास्त तास?

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या डायनामेक्स खटल्यात याच अंगाने तीन अटींची कसोटी घातली. डायनामेक्स ही पार्सल पोचवणारी कंपनी. तिने 2004 मध्ये आपले पगारी चालक कंत्राटदार करून टाकले होते. न्यायालय म्हणालं, कंत्राटदार म्हणायचं असेल तर कंपनीनेच तीन गोष्टी सिद्ध कराव्यात: माणूस कंपनीच्या नियंत्रणाबाहेर आहे, त्याचं काम कंपनीच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं आहे, आणि त्याचा स्वतःचा तसा वेगळा धंदा आहे. यातली दुसरी अट डिलिव्हरी कंपनीला अडचणीची. डिलिव्हरी विकणाऱ्या कंपनीसाठी डिलिव्हरी करणारा माणूस तिच्या धंद्याबाहेरचा कसा म्हणायचा? 'आम्ही फक्त दोन बाजूंना जोडणारं तंत्रज्ञान देतो' हा दावा येतो तो इथूनच. स्पेनच्या न्यायालयाने तो फेटाळला होता, कारण दर, अटी आणि कामाची रीत सगळं ग्लोवोच ठरवत होती.

कॅलिफोर्नियातली गोष्ट तिथे संपली नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये मतदारांनी प्रॉपोझिशन 22 मंजूर करून अ‍ॅपवरच्या चालकांना आणि डिलिव्हरीवाल्यांना या कसोटीतून वगळलं, आणि जुलै 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. तेव्हा जिंकलेला निकाल वाचताना त्यानंतर कायदा बदलला का, हेही बघायला हवं.

गाडी आणि मोबाइल कोणाचा, हा मुद्दा लोकांना वाटतो त्यापेक्षा हलका आहे. ग्लोवो खटल्यात न्यायालयाने म्हटलं की या धंद्याचं खरं साधन ते डिजिटल प्लॅटफॉर्म. रायडरची दुचाकी आणि फोन त्यापुढे दुय्यम. अ‍ॅप बंद केलं तर तीच दुचाकी घेऊन तुम्ही तोच धंदा चालवू शकाल का, एवढं विचारलं तरी उत्तर समोर येतं.

पाचवी पायरी: 'बदली माणूस' खरा आहे की कागदी?

आता त्या दोन निकालांकडे परत येऊ, कारण त्यांच्यातला मोठा तिढा इथे आहे.

नोकरीच्या नात्याचा जुना गाभा असा की माणूस स्वतः राबतो. ज्याला आपल्या जागी कोणालाही पाठवता येतं, तो काम विकतो आहे, स्वतःचे श्रम नव्हे, असा त्यामागचा तर्क. म्हणूनच 'तुमच्याऐवजी दुसऱ्याला पाठवू शकता' हे कलम कंपन्यांच्या करारात असतं. ब्रिटनमध्ये डिलिव्हरूने तर सुनावणीच्या थोडं आधी नवा करार आणला आणि त्यात हे कलम मोकळंढाकळं करून घातलं. युनियनने अर्थातच त्यावर बोट ठेवलं. पण ज्या समितीने पुरावा ऐकला, तिला आढळलं की काही रायडर खरोखर दुसऱ्याला पाठवत होते, त्यातला एक तर त्यावर नफाही काढत होता, आणि कंपनी त्यात आडकाठी घालत नव्हती. हक्क खरा ठरला. सर्वोच्च न्यायालयाने तोच धागा धरून ठेवला; शिवाय कामाच्या ठरावीक वेळा नाहीत, ऑर्डर नाकारता येतात, स्पर्धक कंपनीसाठी काम करता येतं, हेही मोजलं.

नेदरलँड्समध्येही बदली माणसाची मुभा होती. तिथल्या न्यायालयाने मात्र त्या एका गोष्टीवर सगळं तोललं नाही. कामाचं स्वरूप, वेळ आणि रीत कोण ठरवतं, काम कंपनीच्या संघटनेत किती मुरलेलं आहे, करार कसा ठरला, मोबदला कोण ठरवतं आणि तो किती, धंद्याची जोखीम कोणावर, बाहेरच्या जगात तो माणूस व्यावसायिक म्हणून वावरतो का, असे मुद्दे एकत्र ठेवले. बदली माणसाची मुभा त्यातला फक्त एक मुद्दा झाली, आणि उरलेलं वजन दुसऱ्या पारड्यात पडलं.

माझ्या मते डच रीत वास्तवाला जास्त धरून आहे. महिन्यातून एखाद्या वेळी मित्राला पाठवता येतं म्हणून उरलेले सगळे दिवस नोकरीसारखं राबणारा माणूस उद्योजक होत नाही. पण माझं मत बाजूला ठेवा. तुमच्या देशाचा कायदा स्वतः राबण्याला ब्रिटनसारखं निर्णायक मानत असेल, तर तुमचं पूर्ण प्रकरण याच कलमावर तरेल किंवा बुडेल.

म्हणून हे कलम कसून तपासा. लॉगिन करताना अ‍ॅप चेहऱ्याची सेल्फी मागतं का? बदली माणसाची आधी नोंदणी, कंपनीची मंजुरी लागते का? कोणी आयडी दुसऱ्याला दिली म्हणून ब्लॉक झाल्याची उदाहरणं आहेत का? बदलीला पाठवलं तर पैसे कोणाच्या खात्यात येतात? कंपनीची परवानगी लागत असेल, तर तो बिनशर्त हक्क राहत नाही. उलट, तुमच्या गटात लोक उघडपणे आयडी भाड्याने चालवत असतील आणि कंपनीला ते माहीत असूनही ती गप्प असेल, तर हा पुरावा तुमच्या विरुद्ध जाऊ शकतो. आणि मुद्दा सिद्ध करायचा म्हणून मुद्दाम आयडी दुसऱ्याला देऊन बघू नका. आयडी जाईलच, शिवाय त्या फेरीत अपघात झाला तर विम्याचाही घोळ होईल.

एक प्रकरण शेवटपर्यंत

समजा, एक रायडर आहे. करारात तो 'स्वतंत्र सेवा पुरवठादार'. सकाळी 10 ला लॉगिन, संध्याकाळी 7 ला लॉगआउट. 9 तासांत 14 ऑर्डरी. ऑर्डर स्वीकारल्यापासून पोचवेपर्यंतचा वेळ बेरजेला 5 तास, उरलेले 4 तास वाट बघण्यात. दिवसाचा पेआउट 900, इंधन आणि इतर खर्च 250. किमान वेतन ताशी 100 धरू. चलन कोणतंही असो.

त्याच्या नोंदींत तीन गोष्टी आहेत. एका शनिवारी त्याने पाच ऑर्डरी सोडल्या, आणि पुढच्या आठवड्यात त्याला स्लॉट इतरांनंतर दोन दिवसांनी खुले झाले. करारात बदली माणसाची मुभा आहे, पण भाऊ त्याच्या फोनवरून निघाला तेव्हा सेल्फी जुळली नाही आणि 'खातं दुसऱ्याने वापरलं' असा संदेश येऊन आयडी दोन दिवस बंद राहिली. तिसरी गोष्ट त्याच्या विरुद्ध: तो दुसऱ्या कंपनीचं अ‍ॅपही चालू ठेवतो आणि जी ऑर्डर बरी वाटेल ती घेतो.

पहिल्या दोन गोष्टींनी कराराची दोन कलमं खोटी पाडली. नाकारायची मुभा किमतीसकट येते, आणि बदलीची मुभा चालवून बघितली की बंद पडते. ब्रिटनच्या निकालाचा आधार कंपनी घेईल, तेव्हा उत्तर हेच द्यायचं: तिथे बदली माणसावर आडकाठी नव्हती, इथे आहे. डच पद्धतीच्या तोलात दर, रीत, जोखीम सगळं नोकरीच्या पारड्यात पडतं, आणि दोन अ‍ॅप चालवणं हे एकटं ते तोलून धरायला पुरणार नाही. दोन ठिकाणी अर्धवेळ नोकरी करणारेही असतातच. कॅलिफोर्नियाच्या तीन अटी जिथे लागू असतील तिथे कंपनी दुसऱ्या अटीवरच अडकेल.

आता पैसे. फक्त ऑर्डरीवरचे तास धरले तर खर्च वजा जाता 650 भागिले 5, म्हणजे ताशी 130. किमान वेतनाच्या वर. पूर्ण 9 तास धरले तर 650 भागिले 9, म्हणजे ताशी साधारण 72. किमान वेतनाच्या खाली, आणि दिवसाला 250 ची तूट. खर्च वजा करायचा की नाही, हेही त्या त्या कायद्यावर आहे. तो वजा केला नाही, तर 9 तासांना बरोबर 100 पडतात आणि दावाच उरत नाही.

म्हणजे कर्मचारी ठरूनही, वाट बघण्याचा वेळ कामाचा धरला जातो का, यावर हाती काय येणार ते ठरतं. उबर खटल्यात चालक आपल्या परवान्याच्या क्षेत्रात, अ‍ॅप चालू ठेवून, फेरी घ्यायला तयार असेल तो सगळा वेळ कामाचा धरला. प्रॉपोझिशन 22 ने किमान वेतनाच्या 120 टक्के हमी दिली, पण ती ऑर्डर स्वीकारल्यापासून पूर्ण होईपर्यंतच्या वेळापुरती. आकडा मोठा दिसतो, तास मात्र निम्म्यावर येतात.

आणि इथे आपल्या रायडरची तिसरी गोष्ट पुन्हा आडवी येते. दोन अ‍ॅप एकाच वेळी चालू असतील, तर ते 4 तास कोणत्या कंपनीच्या कामाचे? उबरच्या निकालातही हे मान्य होतं की चालक त्याच वेळी दुसऱ्या अ‍ॅपच्या हवाली असेल तर चित्र बदलू शकतं. त्याने कोणत्या वेळी कोणतं अ‍ॅप चालू होतं ते वेगळं लिहायला हवं. दुपारी 2 ते 4 दोन्ही चालू असतील, तर त्या दोन तासांतला रिकामा वेळ मागणीतून वगळलेला बरा. मागणी थोडी कमी होईल, पण उलटतपासणीत टिकेल.

पुरावा कसा जमवायचा

आयडी ब्लॉक झाली की अ‍ॅपमधला इतिहासही हातचा जातो. म्हणून हे काम भांडण सुरू होण्याआधीच करायचं.

रोजच्या लॉगिन-लॉगआउटच्या वेळा, ऑर्डरींची यादी आणि पेआउट यांचे स्क्रीनशॉट काढून फोनबाहेर कुठेतरी ठेवा. स्क्रीनशॉटमध्ये तारीख दिसायला हवी. दर बदलल्याचे, इशाऱ्याचे, स्लॉटचे संदेश पूर्ण जपा, नुसती त्यांची आठवण कामाची नाही. टीम लीडर किंवा मदत केंद्राशी झालेलं लेखी बोलणं सोन्याच्या मोलाचं, कारण 'आज पाऊस आहे, लॉगिन कराच' असं एखादं वाक्य दहा पानी करारापेक्षा जास्त बोलतं. ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर मात्र झाका. ती माहिती तुमची नाही आणि त्यावरून तुमच्यावरच कारवाई होऊ शकते.

अ‍ॅप आतून गुण कसे देतं हे तुम्हाला दिसत नाही. काही ठिकाणी कायद्याने ती दारं थोडी उघडली आहेत. स्पेनच्या 2021 च्या रायडर कायद्याने डिलिव्हरीवाला कर्मचारी असल्याचं गृहीतक तर घातलंच, शिवाय कामावर परिणाम करणारे अल्गोरिदम कसे चालतात याची माहिती कामगार प्रतिनिधींना देणं बंधनकारक केलं. युरोपीय संघाच्या 2024 च्या निर्देशाने सदस्य देशांना 2 डिसेंबर 2026 पर्यंत नोकरीचं गृहीतक घालायला सांगितलं, आणि खातं बंद करण्याचा निर्णय माणसाने घ्यावा, यंत्रावर सोडू नये, असंही म्हटलं. गृहीतक असलं की सिद्ध करण्याचा भार कंपनीवर जातो. ते नसेल तर भार तुमच्यावर, आणि मग हे स्क्रीनशॉट हाच तुमचा दावा.

अर्ज करताना

पहिल्या पायरीत लिहिलेली ओळ पुन्हा काढा आणि मागणी तिच्यातच ठेवा. 'आम्हाला कर्मचारी घोषित करा' अशी नुसती मागणी बहुतेकदा लोंबकळत राहते. 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत किमान वेतनातली तूट द्या, आणि त्यासाठी मी कर्मचारी आहे असं ठरवा' ही मागणी अधिकाऱ्याला हाताळता येते. सोबत दुसऱ्या पायरीतला तो तक्ता जोडा: डाव्या बाजूला कराराचं कलम, उजव्या बाजूला तारखेसह घडलेलं. पाच-सहा ओळी पुरतात.

मुदत आधी पाहा. वेतनाच्या आणि बडतर्फीच्या दाव्यांना वेगवेगळ्या मुदती असतात, आणि काही ठिकाणी त्या काही महिन्यांतच संपतात. आयडी कायमची बंद झाली असेल तर ती तारीख दाखवणारा संदेशच मुदत मोजायला लागतो. एकट्याने जाण्यापेक्षा त्याच झोनमधल्या, त्याच करारावरच्या तिघाचौघांनी मिळून जावं, म्हणजे स्लॉट किंवा ब्लॉकची एकेकट्याची गोष्ट अपवाद ठरत नाही, पद्धत दिसते.

अर्ज गेल्यावर अ‍ॅप उघडताना सावध राहा. नव्या अटी येतील आणि 'सहमत' दाबल्याशिवाय लॉगिन होणार नाही. पोटासाठी ते दाबावं लागेलच. पण दाबण्याआधी सगळी पानं उतरवून घ्या, तारीख लिहा, आणि काम त्या तारखेच्या आधी कसं होतं व नंतर कसं झालं याच्या नोंदी वेगळ्या ठेवा. आधीच्या काळाचा दावा जुन्या करारावर आणि जुन्या वागणुकीवर चालतो. नवा करार आला तरी रोजचं काम तसूभर बदललं नसेल, तर तेही त्याच तक्त्यात एक ओळ वाढवून लिहा.